उधारीचे एकशे ऐंशी दिवस

व्यापाऱ्याने माल दिला, गिऱ्हाइकाने पैसे थकवले, तर नुकसान व्यापाऱ्याचं आणि लाज गिऱ्हाइकाची, एवढाच आपला जुना हिशेब. जीएसटी आल्यापासून या दोघांच्या मधे सरकारही दिवस मोजत बसलेलं असतं. बिलाच्या तारखेपासून १८० दिवस उलटले आणि पैसे पोचले नाहीत, तर गिऱ्हाइकाने त्या खरेदीवर घेतलेलं कराचं क्रेडिट परत करायचं, वर व्याजही भरायचं. गंमत अशी की हे व्याज ज्याचे पैसे अडकले त्याला मिळत नाही. ते सरकारजमा होतं.

ही तरतूद केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६ च्या पोटकलम २ मधल्या दुसऱ्या परंतुकात आहे आणि तिची कार्यपद्धती नियम ३७ मध्ये. करसल्लागारांच्या कार्यालयात तिला नुसतं ‘थर्टी सेव्हन’ म्हणतात. तिच्या शेजारीच नियम ३७-ए आहे. विक्रेत्याने स्वतःचं विवरणपत्रच भरलं नाही तर खरेदीदाराने काय करायचं, ते तो सांगतो. नावं जुळी असली तरी दोन्ही भानगडी वेगळ्या आहेत. इथे विक्रेत्याने कर भरलेला आहे, बिल खरं आहे, माल पोचलेला आहे. फक्त पैसे दिलेले नाहीत.

आधी क्रेडिटबद्दल थोडं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ठेकेदाराने दहा लाखांची सळई घेतली की बिल होतं अकरा लाख ऐंशी हजारांचं, कारण पोलादावर १८ टक्के जीएसटी आहे. वरचे एक लाख ऐंशी हजार विक्रेता सरकारात भरतो. ठेकेदार तेवढीच रक्कम आपल्या खात्यात क्रेडिट म्हणून घेतो आणि पुढे स्वतःच्या कामावर जो जीएसटी लागतो त्यातून वळती करतो. आता मेख अशी, की मालाच्या विक्रीवरचा कर विक्रेत्याला बिलाच्या हिशेबाने भरावा लागतो, पैसे हातात आले की नाही हे कोणी विचारत नाही. म्हणजे उधारीच्या व्यवहारात विक्रेत्याने मालही दिला आणि करही खिशातून भरला. खरेदीदाराने मात्र एक पैसा न देता एक लाख ऐंशी हजारांचं क्रेडिट वापरलं. कायद्याला हे खटकतं, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरही आहे.

आणखी एक कारण आहे, आणि अधिकाऱ्यांच्या लेखी तेच महत्त्वाचं असावं असा माझा कयास आहे. खोट्या बिलांच्या धंद्यात माल हलत नाही आणि बऱ्याचदा पैसाही हलत नाही, हलतो फक्त कागद. त्यामुळे वर्षानुवर्षं देणं म्हणून दिसणारं बिल तपासणाऱ्याच्या नजरेत आधी भरतं. सेवाकराच्या जमान्यातही या नियमाचा एक पूर्वज होता. सेनव्हॅट क्रेडिट नियमांनुसार सेवेच्या बिलाचे पैसे तीन महिन्यांत दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागे. मात्र तो नियम सेवेपुरता होता. जीएसटीने मुदत वाढवून १८० दिवस केली, पण मालालाही तोच दोर लावला. त्यामुळे ज्या दुकानदारांचा आणि ठेकेदारांचा पूर्वी या प्रकाराशी संबंधच नव्हता, तेही यात आले.

आता एक हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. समजा, सांगलीकडचा एक ठेकेदार आहे. रस्त्यांची आणि इमारतींची सरकारी कामं घेतो. त्याने ३ एप्रिल २०२५ च्या बिलाने वर सांगितलेली सळई उचलली. एप्रिलचं GSTR-3B विवरणपत्र २० मे रोजी भरताना एक लाख ऐंशी हजारांचं क्रेडिट घेतलं. जूनमध्ये त्याला एका कामाचे पैसे मिळाले, तेव्हा त्याने विक्रेत्याला सात लाख आठ हजार दिले, म्हणजे बिलाचे ६० टक्के. पुढचं सरकारी बिल अडकलं. उरलेले चार लाख बहात्तर हजार तसेच राहिले.

दिवस मोजायचे ते बिलाच्या तारखेपासून. माल साइटवर कधी उतरला, उधारी किती दिवसांची ठरली होती, विक्रेत्याने तोंडी किती सवड दिली, याला इथे किंमत नाही. ३ एप्रिलपासून १८० वा दिवस येतो ३० सप्टेंबरला. त्या दिवशी ४० टक्के रक्कम बाकी आहे, म्हणून क्रेडिटचाही ४० टक्के भाग परत करायचा: बहात्तर हजार. हे त्या मुदतीनंतरच्या करमहिन्याच्या विवरणपत्रात, म्हणजे ऑक्टोबरच्या GSTR-3B मध्ये, २० नोव्हेंबरपर्यंत दाखवायचं. इथे मी तारीख मुद्दाम सोयीची घेतली आहे. १८० वा दिवस महिन्याच्या मधोमध पडला तर त्याच महिन्याच्या विवरणपत्रात परत करायचं की पुढच्या, यावर सल्लागारांत एकमत नाही. नियमाचे शब्द पुढच्या महिन्याकडे झुकतात. ज्यांना अधिकाऱ्याशी वाद नको असतो ते त्याच महिन्यात मोकळे होतात.

जेवढे पैसे बाकी तेवढंच क्रेडिट परत, हे तत्त्व आज सरळ वाटतं, पण मधे काही आठवडे ते गायब झालं होतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम ३७ नव्याने लिहिला गेला आणि त्यात ‘न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात’ हे शब्दच राहिले नाहीत. अक्षरशः वाचलं तर लाखाच्या बिलातले शंभर रुपये राहिले तरी सगळं क्रेडिट परत करावं लागलं असतं. डिसेंबरच्या अखेरीस अधिसूचना काढून ते शब्द परत घातले, तेही १ ऑक्टोबरपासूनच लागू करून. त्या तीन महिन्यांचे हिशेब करताना आजही कोणी मूळ मसुदा काढून दाखवला तर घाबरायचं कारण नाही.

व्याजाची गोष्ट मात्र एवढी सरळ नाही. दर १८ टक्के वार्षिक, इथपर्यंत ठीक. पण व्याज कोणत्या दिवसापासून? जुन्या नियमात याचं स्पष्ट उत्तर होतं: क्रेडिट घेतल्या दिवसापासून. २०२२ मध्ये नियम नव्याने लिहिताना ते पोटकलमच काढून टाकलं. आता नियम एवढंच म्हणतो की कलम ५० नुसार देय असलेल्या व्याजासह रक्कम भरा. कलम ५० मात्र चुकीने घेतलेल्या आणि वापरलेल्या क्रेडिटबद्दल बोलतं, किंवा उशिरा भरलेल्या कराबद्दल. आपल्या ठेकेदाराने २० मे रोजी क्रेडिट घेतलं तेव्हा ते चुकीचं होतं का? माल आला होता, बिल होतं, विक्रेत्याने कर भरला होता. चूक झालीच असेल तर ती ३० सप्टेंबरची रात्र उलटल्यावर झाली.

दोन्ही मोजण्या करून पाहिल्या की फरक डोळ्यांत भरतो. २० मे ते २० नोव्हेंबर हे १८४ दिवस धरले तर बहात्तर हजारांवर व्याज होतं सहा हजार पाचशे तेहतीस रुपये. १ ऑक्टोबरपासूनचे ५१ दिवस धरले तर एक हजार आठशे अकरा. एका बिलापुरतं हे किरकोळ आहे. वर्षाला शंभर-दीडशे बिलं उशिरा फेडणाऱ्या ठेकेदाराच्या बाबतीत याच फरकाची रक्कम लाखांत जाते.

तिसरा एक युक्तिवादही आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, आणि ती १ जुलै २०१७ पासूनच लागू आहे, चुकीच्या क्रेडिटवर व्याज तेव्हाच लागतं जेव्हा ते घेतलं आणि वापरलंही गेलं. वापर झाला की नाही हे ओळखण्याची रीत नियम ८८-बी मध्ये आहे. क्रेडिट लेजरमधली शिल्लक त्या चुकीच्या क्रेडिटच्या रकमेपेक्षा खाली गेली की ते वापरलं असं धरायचं. म्हणजे ठेकेदाराच्या लेजरवर मे ते नोव्हेंबर या काळात कायम बहात्तर हजारांपेक्षा जास्त शिल्लक पडून असेल, तर त्याने ते क्रेडिट वापरलंच नाही आणि व्याज शून्य, असं म्हणता येतं. हा युक्तिवाद मला पटतो. तरीही लहान धंदेवाल्याने निव्वळ त्याच्या जोरावर स्वस्थ बसू नये, कारण परंतुकात क्रेडिट परत करण्याबरोबरच व्याजाचा उल्लेख आहे आणि तपासणीचा अधिकारी तिथेच बोट ठेवतो. निदान दर महिन्याच्या शेवटची लेजरची शिल्लक छापून ठेवावी. वाद घालायची वेळ आली तर तो कागदच उपयोगी पडेल.

व्याजाबद्दल दोन गोष्टी मात्र वादातीत आहेत. हे व्याज क्रेडिटमधून वळतं होत नाही. क्रेडिट लेजरमधली रक्कम फक्त कर भरायला चालते, म्हणून व्याजासाठी बँकेतून पैसे काढून कॅश लेजरमध्ये भरावे लागतात. ज्या माणसाकडे विक्रेत्याला द्यायला पैसे नव्हते म्हणून हे सगळं घडलं, त्याच्यावरच आणखी रोख काढायची वेळ येते. आणि पुढे विक्रेत्याचे पैसे चुकते केले की क्रेडिट परत मिळतं, व्याज मात्र नाही. ते कायमचं गेलं.

आपल्या ठेकेदाराला १० फेब्रुवारी २०२६ रोजी सरकारी बिल मिळालं आणि त्याने विक्रेत्याचे उरलेले चार लाख बहात्तर हजार फेडले असं धरू. फेब्रुवारीच्या विवरणपत्रात तो बहात्तर हजारांचं क्रेडिट पुन्हा घेऊ शकतो. एरवी कोणतंही क्रेडिट घ्यायला पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंतची मुदत असते, ती चुकली की हक्क संपला. पण नियम ३७ खाली परत केलेलं क्रेडिट पुन्हा घेताना ही मुदत लागू नाही, असं नियमातच म्हटलं आहे. चार वर्षांनी पैसे दिले तर चार वर्षांनी क्रेडिट घ्या.

हा हक्क पुष्कळदा एका रकान्यापायी हातचा जातो. GSTR-3B मध्ये क्रेडिट परत करायच्या दोन जागा आहेत. 4(B)(1) मध्ये कायमचं परत केलेलं टाकायचं, आणि 4(B)(2) मध्ये पुढे पुन्हा घेता येण्याजोगं. नियम ३७ ची रक्कम 4(B)(2) मध्येच जायला हवी. पुन्हा घेताना ती 4(A)(5) मध्ये धरायची आणि 4(D)(1) मध्ये वेगळी दाखवायची. ऑगस्ट २०२३ पासून पोर्टलवर या परत केलेल्या आणि पुन्हा घेतलेल्या रकमांचं एक वेगळं खातं चालतं. तुम्ही 4(B)(2) मध्ये जेवढं टाकलं तेवढंच ते लक्षात ठेवतं. घाईत कोणी बहात्तर हजार 4(B)(1) मध्ये टाकले तर या खात्यात त्यांची नोंदच होत नाही. फेब्रुवारीत ते पुन्हा घ्यायला गेल्यावर पोर्टल सांगतं की तुमच्या नावावर परत घेण्यासारखं काही शिल्लक नाही.

आता जमाखर्चाकडे. नियम वाचून समजतो, पण तो प्रत्यक्षात लावायचा म्हणजे प्रत्येक बिलाचे पैसे कोणत्या तारखेला आणि किती दिले हे ठाऊक असायला हवं. आपल्याकडे ही माहिती बहुतेक पुस्तकांत नसते. ठेकेदार विक्रेत्याला बिलागणिक पैसे देत नाही. हातात आले की दोन लाख, पाच लाख अशी गोल रक्कम पाठवतो आणि हिशेबनीस ती ‘खात्यावर’ अशी जमा करतो. टॅलीमध्ये बिलवार हिशेब चालू असला तरी पैसे देण्याच्या नोंदीत ‘ऑन अकाउंट’ निवडलं की कोणतं बिल फिटलं हे कळत नाही. वर्षअखेरीस खात्याची एकूण बाकी बरोबर जुळते, म्हणून सगळ्यांना वाटतं की हिशेब चोख आहे. मग तपासणी येते आणि देणेकऱ्यांची वयवार यादी मागते. बिलवार जोडणीच नसल्यामुळे त्या यादीत तीन वर्षांपूर्वीची पन्नास बिलं अजून बाकीच दिसतात, आणि शेजारी तेवढ्याच रकमेच्या न जोडलेल्या पैशांची लांबच लांब रांग.

इथे मदतीला येतो तो जीएसटीपेक्षा कितीतरी जुना कायदा, १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याच्या कलम ५९ ते ६१ मध्ये हेच सांगितलं आहे, की एकाच माणसाची अनेक देणी असताना एक रक्कम दिली तर ती कशात जमा धरायची. देणाऱ्याने सांगितलं असेल, किंवा परिस्थितीवरून स्पष्ट दिसत असेल, तर त्या देण्यात. त्याने काही सांगितलं नाही तर घेणाऱ्याने ठरवावं. दोघांनीही ठरवलं नाही तर सगळ्यात जुनं देणं आधी फिटलं असं धरायचं. ‘ऑन अकाउंट’च्या गठ्ठ्यासमोर बसलेल्या हिशेबनिसाला हा शेवटचा क्रम फार सोयीचा आहे. पैसे जुन्या बिलापासून भरत आणले की बऱ्याच वेळा १८० दिवसांपलीकडचं एकही बिल उरत नाही. मात्र विक्रेत्याच्या पुस्तकात ती रक्कम नव्या बिलात जमा असेल तर दोघांचे हिशेब एकमेकांना खोटं पाडतात. म्हणून वर्षातून एकदा तरी विक्रेत्याकडून बिलवार खातेउतारा मागवून जुळवावा. फोनवर ‘बाकी बरोबर आहे ना, शेठ?’ असं विचारून हे काम होत नाही.

पैसे देणं म्हणजे नेमकं काय, हाही प्रश्न येतो. धनादेश दिला आणि तो न वटता परत आला तर पैसे दिलेच नाहीत. दोघांचंही एकमेकांकडे येणं असेल आणि ते पुस्तकात वळतं केलं तर? २०१९ मध्ये पश्चिम बंगालच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने सेन्को गोल्डच्या अर्जावर असं वळतं करणं हे पैसे देणंच आहे असं मान्य केलं. असे निर्णय फक्त त्या अर्जदाराला आणि त्याच्या अधिकाऱ्याला बांधील असतात, पण इतरांना युक्तिवादासाठी आधार मिळतो. वळतं करताना दोघांच्या सहीचं पत्र हवं. एकट्याने आपल्या पुस्तकात नोंद करून टाकली तर तिला कोणी विचारत नाही. हल्ली बरेच खरेदीदार मालाची किंमत देतात आणि जीएसटीची रक्कम ‘टू-बी मध्ये दिसल्यावर देतो’ म्हणून मागे ठेवतात. ती रक्कम विसरली गेली की १८० दिवसांनी तिच्या प्रमाणात क्रेडिट परत करायची वेळ येते, कारण नियमाला किंमत आणि कर दोन्ही पोचलेले लागतात.

काही व्यवहारांना हा नियम लागूच नाही. जिथे कर खरेदीदारानेच उलट्या पद्धतीने भरायचा असतो, ते यातून वगळले आहेत. पुण्याच्या कंपनीने आपल्याच पणजीच्या शाखेला मोबदल्याशिवाय माल पाठवला तर तिथे पैसे दिले असंच कायदा गृहीत धरतो, कारण स्वतःच स्वतःला काय फेडणार!

खरी अडचण होते ती कापून ठेवलेल्या डिपॉझिटची. बांधकामात मुख्य ठेकेदार उपठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून पाच टक्के, कधी जास्त, कापून ठेवतो आणि दोषदायित्वाचा काळ संपल्यावर, म्हणजे काम पुरं झाल्यावर एक-दोन किंवा त्याहूनही अधिक वर्षांनी परत देतो. यात कोणाची लबाडी नाही, करारातच तसं लिहिलेलं असतं. पण उपठेकेदाराने वीस लाखांचं काम आणि तीन लाख साठ हजारांचा जीएसटी असं पूर्ण बिल दिलं, आणि मुख्य ठेकेदाराने त्यातले एक लाख डिपॉझिट म्हणून ठेवले, की १८० दिवसांनी ते एक लाख न दिलेले ठरतात. तेवीस लाख साठ हजारांत एक लाखाचा जो हिस्सा, त्या प्रमाणात पंधरा हजार दोनशे चौपन्न रुपयांचं क्रेडिट परत करावं लागतं. दर महिन्याला एक बिल, तर दर महिन्याला अशी एक रक्कम, आणि प्रत्येकीवर व्याज. करारात मुदत लिहिली आहे हे उत्तर इथे चालत नाही, कारण परंतुक कराराकडे बघतच नाही.

यावरचा उपाय करार लिहितानाच करायचा असतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या आणि टप्प्याटप्प्याने पैसे देय होणाऱ्या कामाला कायदा सलग पुरवली जाणारी सेवा मानतो. अशा सेवेचं बिल कधी द्यायचं हे कलम ३१ मध्ये रक्कम देय होण्याच्या तारखेशी जोडलेलं आहे. म्हणून करारात स्वच्छ लिहावं की पंच्याण्णव टक्के रक्कम टप्प्याच्या मोजमापानंतर देय होईल आणि पाच टक्के दोषदायित्वाचा काळ संपल्यावर, आणि बिलंही त्याप्रमाणे वेगवेगळी द्यावीत. मग कापून ठेवलेल्या रकमेचं बिलच दोन वर्षांनी येतं आणि १८० दिवस तेव्हापासून सुरू होतात. उपठेकेदाराचाही यात फायदा आहे, न मिळालेल्या पाच टक्क्यांवर त्याला आधीच कर भरावा लागत नाही. जुनं पूर्ण बिल तसंच ठेवून केवळ ‘डिपॉझिट नंतर देय’ असा शेरा मारल्याने मात्र हे साधत नाही.

आता त्या सळई विकणाऱ्याकडे वळायला हवं, कारण नियम त्याच्या नावाने चालतो आणि त्याच्याच हाती काही पडत नाही. त्याने मे महिन्यातच एक लाख ऐंशी हजार सरकारात भरले. नोव्हेंबरमध्ये ठेकेदाराने त्यातल्या बहात्तर हजारांचं क्रेडिट परत केलं. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च या काळात त्या चाळीस टक्के मालावरचा कर सरकारकडे दोनदा जमा होता, आणि विक्रेत्याकडे १० फेब्रुवारीपर्यंत एकदाही आला नव्हता. ठेकेदार बुडालाच असता तर विक्रेत्याने भरलेला कर परत मिळण्याची सोय आपल्या जीएसटीत नाही. ब्रिटनच्या व्हॅटमध्ये सहा महिने बिल थकलं की खरेदीदाराला क्रेडिट परत करावं लागतं, तसंच विक्रेत्यालाही बुडीत येण्यावरचा कर परत मागता येतो. तिथे दोन्ही पारडी आहेत. आपण त्यातलं एकच उचललं, सरकारच्या सोयीचं.

उशिरा मिळालेल्या पैशांवर विक्रेत्याला व्याज मिळवून देणारा कायदा आपल्याकडे वेगळा आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायदा, २००६. त्याखाली सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं, आणि ते उद्योगाला मिळतं. ठेकेदाराला लोखंडी जाळ्या आणि दारं बनवून देणारा वर्कशॉपवाला हा हक्क मागू शकतो. सळई नुसती विकणारा व्यापारी मागू शकत नाही. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीची दारं उघडली ती फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिराच्या पैशांवरचं संरक्षण त्यात आलं नाही. म्हणून त्याला बिलावर स्वतःच व्याजाची अट छापावी लागते, आणि ती वसूल करायला अखेर दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

ठेकेदाराचीही बाजू ऐकायला हवी. २०२५ मध्ये राज्यभरातले ठेकेदार सरकारकडच्या थकबाकीसाठी रस्त्यावर उतरले, हे वाचकांना आठवत असेल. ज्याची बिलं खुद्द सरकारकडे अडकली आहेत, त्याने विक्रेत्याचे पैसे थकवले म्हणून त्याच सरकारने त्याच्याकडून १८ टक्क्यांनी व्याज घ्यायचं, यातला विरोधाभास नियमाला दिसत नाही. खरेदीदाराचे स्वतःचे पैसे सरकारकडून यायचे असतील तर सूट, असं एकही वाक्य परंतुकात नाही. त्यामुळे अशा ठेकेदाराला पैसे जेव्हा केव्हा थोडे येतात, तेव्हा ते कोणाला आधी द्यायचे हे ठरवताना बिलांची वयं बघावी लागतात. पाच महिने उलटलेलं बिल आधी, महिन्याभराचं नंतर, मग तो विक्रेता कितीही जवळचा असो. हातात दोन लाख असतील आणि १८० दिवसांच्या उंबरठ्यावर तीन बिलं असतील, तर ज्या बिलावर कराचा दर जास्त त्याला आधी पैसे दिलेले बरे, कारण त्याच रकमेत जास्त क्रेडिट वाचतं. आणि देताना बँकेच्या शेऱ्यात बिलाचा क्रमांक लिहावा, म्हणजे ती रक्कम कोणत्या बिलाची हे पुढे कोणाला शोधत बसावं लागत नाही.